काचेवरचं प्रतिबिंब पुसताना
छायाचित्रांची दुरुस्ती : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण जुन्या छापील फोटोंवरचे ओरखडे पाहिले. ओरखड्याखालचं चित्र खरोखरच नाहीसं झालेलं असतं, त्यामुळे तिथे शेजारून उसनवारी करण्यावाचून इलाज नसतो. काचेवरच्या प्रतिबिंबाचं तसं नाही. काचेमागची साडी किंवा काचेपलीकडची इमारत शाबूत असते आणि तिचा प्रकाश कॅमेऱ्यापर्यंत पोचलेलाही असतो. फक्त त्यात दुसऱ्या प्रकाशाची भर पडलेली असते: रस्त्याच्या, खोलीतल्या दिव्यांच्या, फोटो काढणाऱ्याच्या शर्टाच्या. प्रतिबिंब आतलं काही झाकत नाही, ते वरून मिसळतं. आजचा सगळा लेख या एका गोष्टीवर उभा आहे.

साध्या काचेकडे समोरून पाहिलं तर तिच्या प्रत्येक अंगावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दुकानाच्या काचेला पुढचं आणि मागचं अशी दोन अंगं, म्हणून एकूण ८ टक्के. आकडा क्षुल्लक वाटतो, पण पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर भर दुपारी उभं राहून हिशेब करून बघा. उन्हात सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. साडीच्या दुकानातल्या शोकेसमध्ये चांगले स्पॉटलाइट लावले तरी तिथे हजार-दीड हजार लक्स. लाखाचे ८ टक्के म्हणजे आठ हजार. एकच पांढरा कागद आधी आत आणि मग बाहेर धरला, तर बाहेरच्याचं प्रतिबिंब आतल्या कागदापेक्षा पाच ते आठ पट उजळ दिसेल. मग आतल्या गर्द जांभळ्या साडीची काय कथा! रात्री दुकानं बंद झाल्यावर मात्र रस्त्यावर वीस-तीस लक्स उरतात. त्यांचे ८ टक्के म्हणजे दोन-अडीच, आणि आतले दिवे चालू ठेवले तर आत तेच हजार. दर्शनी काचेचा फोटो रात्री का काढावा, याचं उत्तर या दोन हिशेबांत आहे.

दुपारच्या फोटोत आणखी एक गोष्ट नीट बघण्यासारखी असते. फोटो काढणारा सावलीत उभा असेल आणि त्याच्यामागे उन्हातला रस्ता असेल, तर काचेत तो काळ्या आकृतीसारखा दिसतो. बहुतेक जण दुरुस्तीला बसले की आधी ही आकृती पुसायला घेतात. पण त्या आकृतीच्या आत बघा. साडीचा पोत, जरीचा काठ, किमतीची चिठ्ठी, सगळं तिथेच स्पष्ट असतं आणि बाकी ठिकाणी धुरकट. त्या माणसाच्या अंगाने रस्त्याचा उजेड अडवलेला असतो, म्हणून तेवढ्या भागात काचेवर भर पडलेली नसते. अख्ख्या फोटोत स्वच्छ भाग कुठला असेल तर तोच. पुसायचं आहे ते त्याच्या भोवतालचं.

हे एकदा पटलं की पुढची युक्ती आपोआप सुचते. एकाच जागेवरून, कॅमेरा न हलवता, चार-पाच फोटो घ्यायचे. प्रत्येक वेळी प्रतिबिंबाचा वेगळा भाग अडवायचा. मग हे फोटो एकावर एक ठेवून प्रत्येक बिंदूला त्यांतली सगळ्यात गडद किंमत निवडायची. प्रतिबिंब फक्त भर घालतं, त्यामुळे ज्या फोटोत तो बिंदू सर्वांत गडद आहे, त्या फोटोत तिथे भर सर्वांत कमी आहे. संगणकावर हे काम एका क्लिकचं आहे. खरं काम आहे ते फोटो काढताना.

एका साडीच्या दुकानाच्या दिवाळी जाहिरातीचं काम पायरीपायरीने सांगतो. लक्ष्मी रस्त्यावरच्या या दुकानाची काच १.२ मीटर रुंद आणि १.८ मीटर उंच. आत पुतळ्यावर जांभळी पैठणी, नारळी काठ, पदरावर मोर. मालकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “अहो, काच काढूनच फोटो घेता नाही का येणार?” काच १२ मिलिमीटर जाडीची, टफन्ड, चारी कडांना सिलिकॉन भरलेली. एवढ्या काचेचं वजन पासष्ट किलोच्या आसपास भरतं. ती उतरवायची, पुन्हा बसवायची आणि सिलिकॉन वाळायची वाट बघायची, हा खर्च एका फोटोसाठी कुणी करत नाही. म्हणून वेळ ठरली रात्री दहाची. आतले दिवे चालू ठेवायचे आणि दुकानातला एक मुलगा मदतीला थांबणार.

पहिला प्रश्न, उभं कुठे राहायचं. काचेत आपलं प्रतिबिंब कुठे पडतं याचा नियम सोपा आहे. कॅमेऱ्यापासून काचेवर लंब टाका; तो जिथे टेकतो तिथेच तुम्ही दिसता. तो बिंदू चौकटीबाहेर ठेवला की तुम्ही फोटोत नाही. पण नुसतं बाजूला सरकून कॅमेरा तिरका वळवला तर काचेची चौकट एका अंगाला निमुळती होते आणि पुतळाही तिरका दिसतो. म्हणून बाजूला सरकायचं, पण कॅमेऱ्याची पाठ काचेला समांतरच ठेवायची. त्यासाठी रुंद लेन्स हवी.

आकड्यांत सांगायचं तर, पूर्ण आकाराच्या सेन्सरवर २४ मिमी लेन्स लावून काचेपासून २ मीटरवर उभं राहिलं की चौकटीत ३ मीटर रुंद आणि २ मीटर उंच भाग मावतो. कॅमेरा काचेच्या डाव्या कडेपासून आणखी ३० सेंटिमीटर डावीकडे ठेवला. म्हणजे चौकटीच्या मध्यापासून उजवीकडे ३० सेंटिमीटरवर काच सुरू होते आणि दीड मीटरवर, चौकटीच्या अगदी उजव्या कडेला संपते. फोटो काढणाऱ्याची प्रतिमा काचेच्या मागे तितकीच दूर, म्हणजे कॅमेऱ्यापासून ४ मीटरवर असते. त्यामुळे काचेवर ती निम्म्या आकाराची दिसते. खांद्यापर्यंतचं पंचवीस सेंटिमीटरचं अंतर काचेवर साडेबारा उरतं, आणि आपण तीस सोडलेले आहेत. डावा अर्धा भाग नंतर कापून टाकायचा. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात काचेच्या वाट्याला २४०० बाय ३६०० पिक्सेल येतात. ८ बाय १२ इंचांच्या उत्तम छपाईला ते पुरतात. ज्यांच्याकडे शिफ्ट लेन्स आहे त्यांना एवढे पिक्सेल गमवावे लागत नाहीत, पण ती लेन्स महाग असते आणि या कामासाठी ती हवीच असं मला वाटत नाही.

आपण गेलो, पण समोरची बाजू राहिली. रस्त्यापलीकडे औषधाचं दुकान उघडं होतं आणि त्याचा हिरवा एलईडी फलक पुतळ्याच्या खांद्यावर पडत होता. कोपऱ्यावरचा रस्त्याचा दिवा पदराच्या मोरावर. हे अडवायला काळं कापड लागतं. ते मखमलीचं असावं. छत्रीचं किंवा अस्तराचं काळं कापड स्वतःच चकाकतं आणि काचेत त्याच्या घड्या दिसतात.

कापड कॅमेऱ्याच्या रांगेत, कॅमेऱ्याच्या उजवीकडे, काचेकडे तोंड करून धरायचं. इथे लोक फसतात ते मापात. कॅमेऱ्याच्या रांगेत धरलेलं कापड काचेत निम्म्या आकाराचं दिसतं, म्हणून अख्खी काच एकदम झाकायला ते काचेच्या दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच लागेल. २.४ मीटर बाय ३.६ मीटर कापड भर रस्त्यात ताणून धरणं कुणाला जमणार? पण एकदम झाकायची गरजच नाही. आमचं कापड होतं पाच फूट बाय सात फूट, वरच्या कडेला बांबू शिवलेला. मुलाने ते आधी कॅमेऱ्याशेजारी धरलं, मग चार फूट उजवीकडे, मग बांबू उंच करून पुन्हा त्याच दोन जागी. चार जागा, चार फोटो. दर वेळी आधीच्या जागेवर वीतभर चढवून धरायचं, नाहीतर मध्ये फट राहते आणि तेवढीच उभी रेघ फोटोत उरते. मुलाचे हात एका फोटोत काचेत दिसले तरी बिघडत नाही. पुढच्या जागेवरून घेतलेल्या फोटोत ती जागा कापडाखाली आलेली असते.

ट्रायपॉड घट्ट. एक्स्पोजर हाताने ठरवलेलं: f/8, आयएसओ २००, सेकंदाचा दहावा भाग. व्हाइट बॅलन्स एकाच आकड्यावर. फोकस एकदा साडीवर लावून ऑटोफोकस बंद. ही शेवटची सूचना अनेकांना फालतू वाटते. पण फोकस किंचित जरी सरकला तरी बहुतेक लेन्समध्ये चित्राचा आकार बारीकसा बदलतो आणि मग फोटो एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. शटर दोन सेकंदांच्या टायमरवर, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

दिवसा ही युक्ती का चालत नाही, तेही इथेच सांगतो. दिवसा शोकेसमधल्या उजेडाचा काही भाग बाहेरून, काचेतूनच आत आलेला असतो. कापड धरलं की तोही अडतो आणि साडीच मुळात काळवंडते. मग सगळ्यात गडद किंमत निवडताना कापडाच्या प्रत्येक जागेचा एकेक काळसर पट्टा निकालात उतरतो. साडीला तिचा उजेड आतल्या दिव्यांपासूनच मिळत असेल, तेव्हाच गडद म्हणजे खरं, हे समीकरण टिकतं.

आता संगणक. GIMP मध्ये `File > Open as Layers` मधून चारही फोटो एकाच वेळी उघडा. ते एकावर एक लेयर म्हणून येतात. सगळ्यांत खालचा तसाच ठेवा आणि वरच्या तिन्ही लेयरचा `Mode` बदलून `Darken only` करा. हिरवा फलक, रस्त्याचा दिवा, मध्येच गेलेल्या रिक्षाचा हेडलाइट, सगळं एकदम नाहीसं होतं. फोटोशॉपमध्ये याच कामाच्या मोडचं नाव `Darken`. त्याच यादीत `Darker Color` नावाचा सख्खा शेजारी आहे, तो घेऊ नका. `Darken` लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांची किंमत वेगवेगळी तपासतो. आपल्याला तेच हवं आहे, कारण हिरव्या फलकाने भर घातली ती मुख्यतः हिरव्यातच. दुसरा मोड तिन्ही रंगांची बेरीज बघून अख्खा पिक्सेल उचलतो.

निकाल खरा आहे की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका, कारण पहिल्या आनंदात सगळंच छान दिसतं. त्याऐवजी दोनच लेयर दिसते ठेवा आणि वरच्याचा मोड `Difference` करा. दोन्ही फोटोंत जे सारखं आहे ते आता काळं दिसेल आणि जे वेगळं आहे तेवढंच उजळेल. सगळं नीट असेल तर काळ्या पडद्यावर फक्त प्रतिबिंब दिसतं: उलटा फलक, दिव्याचा ठिपका, कापड धरलेले हात. साडीचा मागमूस दिसता कामा नये. जरीच्या काठाची बारीक कडा रेघेसारखी उमटली तर ट्रायपॉड हललेला आहे. आणि साडीचं अंगच मंद उजळलं, तर दोन फोटोंमध्ये उजेड किंवा एक्स्पोजर बदललं आहे. पहिला दोष फोटो पुन्हा जुळवून बरा होतो. दुसऱ्यासाठी त्या लेयरचा उजेड आधी बाकीच्यांइतका करून घ्यावा लागतो. हे न तपासता पुढे गेलं की काठावरची नाजूक बुट्टी झिजल्यासारखी दिसते, आणि पैठणीच्या गिऱ्हाइकाच्या नजरेतून ते सुटत नाही.

पोलरायझर फिल्टरबद्दल प्रत्येक दुकानदार सांगतो, म्हणून दोन शब्द. फिल्टर खरंच काम करतो, पण ठरावीक कोनातच. काचेच्या लंबापासून सुमारे ५६ अंशांवर, म्हणजे काचेकडे बरंच तिरकं पाहिलं, तर परत फिरणारा प्रकाश एकाच दिशेने कंप पावतो आणि फिल्टर फिरवून तो जवळजवळ पूर्ण अडवता येतो. समोरून पाहिलं तर फिल्टर कितीही फिरवा, प्रतिबिंबावर काहीही परिणाम होत नाही. फक्त दीड-दोन स्टॉप उजेड वाया जातो. म्हणजे समोरून काढायच्या शोकेसला तो निरुपयोगी. शिवाय हल्लीच्या दुकानांतली काच टफन्ड असते. कारखान्यात ती तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड केलेली असते, त्यामुळे तिच्यात ताणाचे ठिपके आणि पट्टे राहून जातात. एरवी ते सहसा दिसत नाहीत, पण पोलरायझरमधून, विशेषतः निळ्या आकाशाचा उजेड असेल तेव्हा, काळपट चट्ट्यांसारखे उमटतात. गाडीच्या मागच्या काचेवर असे चट्टे तुम्ही पाहिले असतील. ते एकदा फोटोत आले की काढणं प्रतिबिंबापेक्षा अवघड, कारण तिथे उजेडाची भर नसते, घट असते.

आता दुसरी बाजू. आपण खोलीत आहोत, काचेपलीकडे काचेची इमारत आहे आणि फोटोत छतावरचे दिवे आकाशात तरंगताहेत. वांद्रे-कुर्ला संकुलात संध्याकाळी समोरच्या इमारतीचे मजले उजळलेले असताना फोटो काढायला गेलं की हे हमखास होतं. दिवे बंद करता आले तर प्रश्नच मिटला. एकटाच फोटो काढणारा असेल तर लेन्स काचेला जवळजवळ टेकवून भोवती काळं कापड धरलं तरी भागतं. फोन असेल तर तो सरळ काचेला चिकटवावा, बारीकशी लेन्स लगेच झाकली जाते. पण समजा कचेरी चालू आहे, दिवे कुणी बंद करू देत नाही, आणि खिडकीशी टेबल असल्याने काचेपर्यंत पोचताही येत नाही.

इथे कापडाऐवजी कॅमेराच सरकवायचा. समोरची इमारत ३०० मीटरवर आहे आणि छतावरचा दिवा काचेपासून ३ मीटर आत. कॅमेरा काचेपासून अर्ध्या मीटरवर असेल तर दिव्याची प्रतिमा साडेतीन मीटरवर पडते. कॅमेरा बाजूला सरकवला की इमारत जवळजवळ जागेवर राहते, पण दिव्याचं प्रतिबिंब फोटोत भराभर सरकतं. किती सरकवायचं याचा नियम मला फार आवडतो: दिव्याच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त. छतावरचा चौकोनी पॅनेल ६० सेंटिमीटरचा असेल तर कॅमेरा ७० सेंटिमीटर हलवा. म्हणजे दुसऱ्या फोटोत त्याचं प्रतिबिंब पहिल्या जागेवरून पूर्ण उठतं. लांब ट्यूब असेल तर तिच्या लांबीच्या दिशेने सरकून काही उपयोग नाही. आडव्या ट्यूबसाठी कॅमेरा वर किंवा खाली, वीतभर हलवला तरी पुरे. दिव्यांची रांग असेल तर एका दिव्याच्या जागी शेजारचा येऊन बसत नाही ना, एवढं पाहून अंतर ठरवा. आणि नव्या इमारतींत दुहेरी काच असते, म्हणजे चार अंगं. तिथे प्रत्येक दिव्याचं प्रतिबिंब जोडीने पडतं, म्हणून सरकताना थोडं जास्तच सरका.

या रीतीत एक प्रतिबिंब मात्र जात नाही: तुमचं स्वतःचं. कॅमेरा काचेला समांतर सरकला की लंबाचा पायही त्याच्याबरोबर सरकतो, म्हणून तुम्ही फोटोत जिथल्या तिथेच राहता. छतावरचे दिवे गेले, पण फोटो काढणारा तसाच आहे, ही तक्रार घेऊन येणाऱ्यांचं कारण बहुधा हेच असतं. त्याला उपाय काळा शर्ट आणि कॅमेऱ्याला लावलेला काळा पुठ्ठा, ज्यातून फक्त लेन्स बाहेर डोकावते.

सरकवलेले फोटो आधी जुळवावे लागतात. ५० मिमी लेन्सवर ७० सेंटिमीटरमुळे ३०० मीटरवरची इमारत वीसएक पिक्सेल हलते. फोटोशॉपमध्ये त्यासाठी `Edit > Auto-Align Layers` आहे. फुकटच्या हत्यारांत हगिन आणि इमेजमॅजिक असतील तर दोन ओळींत काम होतं:

```
align_image_stack -C -a kaach_ 1.tif 2.tif 3.tif
magick kaach_*.tif -evaluate-sequence min nikal.tif
```

पहिली ओळ फोटो जुळवून तिन्हींत समान असलेला भाग ठेवते, दुसरी प्रत्येक बिंदूला सगळ्यात गडद किंमत उचलते. मर्यादा जवळच्या गोष्टींची आहे. त्याच चौकटीत खाली ५० मीटरवरचा पूल असेल तर तो शंभराहून जास्त पिक्सेल हलतो, आणि इमारत जुळवली की पूल फाटतो. असा पुढचा भाग कापून टाकायचा, नाहीतर तेवढा भाग एकाच फोटोतून मास्क लावून घ्यायचा.

राहता राहिला तो प्रसंग, ज्यात फोटो एकच आहे आणि पुन्हा काढणं शक्य नाही. इथे भर वजा करावी लागते, आणि त्यासाठी ती किती आहे हे कळायला हवं. फोटोत काचेमागे जिथे गडद काळं काही आहे ती जागा शोधा: पुतळ्याचा काळा पाया, अंधारी फट. तिथे दिसणारा रंग जवळजवळ निव्वळ प्रतिबिंबाचा असतो. तो रंग उचला, नव्या लेयरवर प्रतिबिंबाच्या आकारात मऊ ब्रशने भरा आणि त्या लेयरचा मोड `Subtract` करा. मग लेयरची `Opacity` हळूहळू वाढवत जा, आणि डाग भोवतालच्या रंगात मिसळला की थांबा. पुढे गेलात तर तिथे उलट रंगाचा डाग पडतो. हिरव्या प्रतिबिंबाच्या जागी किरमिजी झाक दिसू लागली की वजाबाकी जास्त झाली समजा. एकसारख्या, धुरकट प्रतिबिंबावर ही रीत चांगली चालते. माणसाचा चेहरा, अक्षरं, झाडाची पानं अशा बारीक तपशिलाच्या प्रतिबिंबावर ती चालत नाही, कारण तो तपशील तितकाच बारीक रंगवून वजा करणं हाताला जमत नाही.

आणि दिव्याचा ठिपका असेल तर आधी तिथले आकडे बघा. लाल, हिरवा, निळा तिन्ही २५५ असतील तर सेन्सर तिथे भरून वाहिलेला आहे. अशा आकड्यातून काहीही वजा केलं तरी खालचं चित्र येणार नाही, राखाडी डाग येईल. रॉ फाइल असेल तर तिच्यात उजेडाचा थोडा राखीव साठा असतो, तो आधी तपासावा. तोही नसेल तर शेजारून उसनं घेणं आलं. काचेच्या इमारतीत हे सोपं आहे. एकसारखे तावदानांचे चौकोन असतात, आणि GIMP चं `Perspective Clone` निमुळतेपणा सांभाळून शेजारचं तावदान आणून बसवतं. पैठणीच्या मोरावर मात्र मी हे करत नाही. हातमागावर दोन मोर कधी हुबेहूब सारखे विणले जात नाहीत. जी साडी गिऱ्हाइकाला विकायची आहे तिच्या पदरावर दुसरा मोर चिकटवणं म्हणजे साडीबद्दल खोटं सांगणं. बातमीच्या फोटोत तर वजाबाकीही नको. तिथे जे काचेत दिसलं ते राहिलंच पाहिजे.

प्रत्येक प्रतिबिंब काढायलाच हवं असंही नाही. पॅरिसमधल्या अव्हेन्यू दे गोब्लँवरच्या दुकानाचा युजीन आत्जेने १९२५ मध्ये काढलेला फोटो बघा. कपडे घातलेले पुतळे काचेआड उभे आहेत आणि त्यांच्यावर समोरची झाडं आणि इमारत पसरली आहे. रस्ता आणि दुकान एकाच काचेत आल्यामुळेच तो फोटो आज शंभर वर्षांनीही पाहिला जातो. आमच्या जाहिरातीच्या कामात प्रश्न वेगळा होता. मालकांना जांभळा रंग जसा आहे तसा हवा होता, आणि हिरव्या फलकाखाली तो तसा राहत नव्हता.

या आठवड्यात कुणी शोकेसचा फोटो काढणार असेल तर एक विनंती. अंधार पडल्यावर जा, कापड नसलं तरी ट्रायपॉड न्या आणि किमान तीन फोटो घ्या, प्रत्येक वेळी मित्राला काचेसमोर वेगळ्या जागी, पण चौकटीबाहेर उभं करून. घरी आल्यावर त्यांतला ‘बरा’ एक ठेवून बाकीचे पुसून टाकू नका. पुढच्या आठवड्यात ट्यूबलाइटखाली हिरवट पडलेले त्वचेचे रंग कसे सुधारायचे ते पाहू. त्यासाठी एका फोटोत चेहऱ्याशेजारी पांढरा कागद धरलेला असू द्या.